‘गोड बातमी कधी?’च्या पुढचा प्रश्न

बारशाला, साखरपुड्याला किंवा गौरीच्या जेवणाला एखादी आत्या ‘काय मग, गोड बातमी कधी?’ असं विचारते, तेव्हा त्या प्रश्नाने कुणी फारसं गडबडत नाही. तो येणार हे घरातून निघतानाच माहीत असतं. आपण हसतो, काहीतरी बोलतो आणि सुटलो असं वाटतं तोच दुसरा प्रश्न येतो. मग तिसरा येतो. चौथ्या प्रश्नापर्यंत स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायकांनीही हातातलं काम थांबवून कान इकडे लावलेले असतात. माझ्या मते अशा वेळी काय बोलावं याचा विचार पहिल्या प्रश्नासाठी करायचाच नसतो. आपलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला आमंत्रण देतं की त्याची वाट बंद करतं, एवढंच पाहायचं.

यामागे एक साधी यंत्रणा आहे. १९७०च्या दशकात हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी अभ्यासकांनी सामान्य माणसांची रोजची बोलणी ध्वनिमुद्रित करून ती शब्दाशब्दाने, श्वासांसकट आणि थांब्यांसकट उतरवून काढली. या मंडळींच्या आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या कामातून असं दिसलं की समोरच्याला हवं ते उत्तर माणूस झटकन आणि थोडक्यात देतो. ‘जेवायला येणार ना?’ ‘हो, येतो.’ नको असलेलं उत्तर द्यायचं असलं की मात्र तो आधी थांबतो, ‘अं… काय आहे ना…’ असं काहीतरी पुटपुटतो आणि मग कारण जोडतो. नकाराला कारण जोडणं ही आपली सभ्यतेची सवय आहे. आत्याला हवं असलेलं उत्तर आपल्याकडे नसतं, म्हणून आपणही आधी थांबतो आणि मग कारण देतो. त्या दोन्ही गोष्टी आपल्याला महागात पडतात.

थांबण्याचा अर्थ अनुभवी बायका लगेच लावतात. उत्तराआधी क्षणभर शांतता गेली की ‘म्हणजे काहीतरी आहे’ हे त्यांना कळलेलं असतं. कारण दिलं तर आणखी पंचाईत होते, कारण आपल्याकडे प्रत्येक कारणावर तोडगा तयार आहे. पैशाचं कारण सांगितलं, तर ‘चोच देणारा चाराही देतो’ हे ऐकावं लागतं. नोकरीचं सांगितलं, तर वयाचा हिशेब मांडला जातो. डॉक्टरांचं नाव काढलं, की कुणाच्या तरी नणंदेला गुण आलेल्या डॉक्टरांचा नंबर मोबाइलवर येऊन पडतो. ‘देवाच्या मनात असेल तेव्हा’ हे जुनं, भक्कम वाटणारं उत्तरही पूर्वीइतकं सुरक्षित राहिलेलं नाही. त्यावर नवस सुचवला जातो, आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला का, अशी चौकशीही होते. सुचवणाऱ्यांचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. पण आपण कारण सांगितलं म्हणजे ती अडचण सर्वांपुढे सोडवायला ठेवली, असाच त्याचा अर्थ होतो, आणि मंडळी ती सोडवायला बसतात.

लग्न, पगार आणि मूल या तिन्ही चौकशा एकाच दमात होत असल्या तरी मुलाचा प्रश्न वेगळा आहे. तो एका दुखऱ्या जागेवर पडण्याची शक्यता फार मोठी आहे. बारा महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणतं. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने सहा महिन्यांनंतरच तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात साधारण सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. कळलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात दहा ते पंधरा गर्भपातात संपतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे कुणाला सांगायच्या आतच. मूल होण्यात अडचण असलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकटं किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असतं. तरी प्रश्न मात्र बाईलाच विचारला जातो. जिला विचारलं तिचा दीड महिन्यापूर्वी गर्भपात झालेला असू शकतो, किंवा तिच्या नवऱ्याचा तपासणी अहवाल पर्समध्ये घडी घालून ठेवलेला असू शकतो. विचारणारीला यातलं काही माहीत नसतं, आणि माहीत नसणं हा तिचा गुन्हाही नाही.

एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, ती तेहतीस वर्षांची, तो पस्तीसचा, दोघं पुण्यात नोकरीला. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू आहेत. सहा दिवसांपूर्वी गर्भाशयात भ्रूण सोडला आहे. राहिला की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी अजून आठवडाभराने आहे. भ्रूण सोडल्यापासून या तपासणीपर्यंतचे दहा ते चौदा दिवस उपचारांतले सगळ्यात अवघड असतात. करायचं काहीच उरलेलं नसतं, फक्त वाट पाहायची असते. नेमक्या त्याच दिवसांत भाद्रपदातल्या गौरी आल्या. सासरी कऱ्हाडजवळच्या गावात गौरीपूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, सवाष्ण जेवायला आणि पाहुण्यांनी भरलेलं घर. सून गेली नाही तर तीच मोठी बातमी होईल. उपचारांचं सध्या फक्त तिच्या बहिणीला माहीत आहे. सासूबाईंना ‘डॉक्टरांकडे जातात’ एवढाच अंदाज आहे.

सकाळी दहा वाजता स्वयंपाकघरात पुरण वाटणं चालू असताना नवऱ्याची आत्या म्हणते, ‘काय गं, यंदा तरी गौरीपुढे पाळणा हलेल म्हटलं होतं.’ ठरवून न आलेली सून म्हणते, ‘नाही ओ आत्या, आत्ताच तर घराचे हप्ते सुरू झालेत.’ त्यावर आत्या म्हणते, ‘हप्ते काय जन्मभर चालायचेच. आमची चार पोरं दोन खोल्यांत वाढली. आणि तू आता केवढी, तेहतीस ना?’ ती म्हणते, ‘हो, पण ऑफिसातही सध्या गडबड आहे.’ मग, ‘ऑफिस कुठं पळून चाललंय? काही अडचण आहे का? दाखवलंत का कुणाला?’ आता पुढे तिच्याकडे दोनच वाटा उरल्या. धडधडीत खोटं बोलायचं, नाहीतर सगळ्यांसमोर सगळं सांगायचं. दोन कारणं दिली नसती तर ती या जागी पोचली नसती.

तेच बोलणं दुसऱ्या तऱ्हेने होऊ शकतं. आत्याचं वाक्य संपतं न संपतं तोच ती हसून म्हणते, ‘तसं काही असलं की तुम्हाला कळवणारच ना, आत्या. हे पुरण जरा चाखून बघा बरं, गूळ पुरेसा झालाय का?’ इथे कारण नाही, वेळ नाही, योजना नाही. आत्याला कळवण्याची कबुली आहे, म्हणजे तिचा मान राहिला. लगोलग तिच्या हातात असं काम गेलं, ज्यात तिचा शब्द शेवटचा आहे. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. नुसतं ‘कळवीन’ म्हणून गप्प बसलं, तर बोलण्यात पोकळी राहते आणि ती भरायला पुढचा प्रश्न येतो. विषय बदलताना प्रश्न विचारणारीच्याच जगातलं काही विचारावं. तिचा गुडघा, तिच्या नातवाची शाळा, पुरणातला गूळ, काहीही चालेल. हवापाण्यावर उडी मारली तर टाळाटाळ उघडी पडते.

आत्या तेवढ्याने सोडेलच असं नाही. पुरण चाखता चाखता ती विचारेल, ‘ते ठीक आहे, पण दाखवलं का कुणाला?’ या क्षणी बहुतेक जणी नवं उत्तर शोधायला जातात आणि सापडतात. नवं उत्तर द्यायचं नाही. ‘कळवीन म्हटलं ना, आत्या,’ हेच, थोडं हळू आवाजात. मॅन्युएल स्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली नकार देण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी या पद्धतीला अडकलेल्या तबकडीची उपमा दिली आहे. वाक्य तेच, सूर तोच, चिडणं नाही. नवं काही मिळत नाही हे दोनदा कळलं की बहुतेक माणसं थकतात. तिसऱ्यांदा विचारलं तर उठायचं. ‘पंगतीचं पाणी बघते’ म्हणून तांब्या घेऊन बाहेर पडलं की कुणालाही वावगं वाटत नाही. भरल्या घरात उठून जायला कामं भरपूर असतात, हा आपल्या समारंभांचा एक फायदाच म्हणायचा.

ठरवून ठेवलेलं वाक्य मुख्यतः तो थांबा घालवण्यासाठी लागतं. ते तोंडात तयार असलं की क्षणभराची शांतता पडत नाही, आणि वाचायला काही उरत नाही. म्हणून वाक्य आपल्या नेहमीच्या बोलीतलं हवं. सासरी ‘आत्याबाई’ म्हणत असाल तर ‘आत्याबाई’च म्हणा. कुठूनतरी वाचलेलं, घासूनपुसून नेमकं केलेलं वाक्य तोंडी बसत नाही. आरशासमोर म्हणून बघायची गरज नाही. गाडीत नवऱ्यासमोर दोनदा म्हटलं तरी पुरतं.

चुरचुरीत उलट उत्तरांच्या मी विरोधात आहे, निदान स्वयंपाकघरात. टोमणा मारला की आजूबाजूच्या हसतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण हसणं म्हणजे प्रेक्षक जमले, आणि प्रेक्षक जमल्यावर आत्याला माघार घेणं अपमानाचं होतं. मग ती दुपारी सासूबाईंना गाठते, आणि तिथे आपण उत्तर द्यायला हजर नसतो. लहानसहान खोटं मात्र मला चालतं. आपल्या या सुनेला ठरावीक वेळी औषधं घ्यायची आहेत. कुणी गोळ्यांची पट्टी पाहून ‘कसली गं?’ म्हटलं, तर ‘जीवनसत्त्वाची’ हे उत्तर पुरेसं आहे. त्या पट्ट्यांत फॉलिक अ‍ॅसिड असतंच, आणि ते जीवनसत्त्वच आहे, त्यामुळे ते धड खोटंही नाही. मोठं खोटं टाळावं. ‘आम्हाला मूलच नकोय’ असं रागाच्या भरात सांगून टाकलं, तर त्यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा होते, आणि उद्या दिवस राहिले तर आधीचं सगळं निस्तरावं लागतं.

हे सगळं चालू असताना नवरा कुठे असतो? तो बाहेर हॉलमध्ये चुलत्यांशी गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर बोलत असतो. आपल्याकडे प्रश्नांचीही वाटणी झाली आहे. बाईला मुलाचं विचारतात आणि पुरुषाला पगाराचं. त्यामुळे निम्म्यांमध्ये ज्याच्याकडेही कारण असू शकतं, त्याला त्या विषयावर एकही वाक्य बोलावं लागत नाही. म्हणून एक नियम जोडप्याने पाळावा. ज्याचे नातेवाईक, त्याने उत्तर द्यायचं. सासरच्या आत्याला सुनेने गप्प केलं तर तो उर्मटपणा ठरतो. तेच भाच्याने केलं तर ती त्याची आपल्या आत्याशी जवळीक ठरते.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? गौरीच्या दोन-तीन दिवस आधी त्याने आत्याला फोन करायचा. ‘आत्या, एक सांगायचं होतं. मुलाबाळांचा विषय हिच्यापाशी काढू नकोस. आमचं दोघांचं त्यावर बोलणं चालू आहे, सांगण्यासारखं झालं की मी स्वतः सांगेन. आणि दुसऱ्या कुणी काढला तर तूच थांबव, तुझं ऐकतात सगळ्या.’ ‘हिला त्रास होतो’ असं म्हणायचं नाही, कारण मग ती नाजूक आणि तक्रारखोर ठरते. ‘आमचं दोघांचं’ असं म्हणायचं. असा फोन सर्वांना करू नये. फोन हीच बातमी असते, आणि पाच जणींना केला तर पन्नास जणींना कळतो. घराण्यात एक अशी ज्येष्ठ बाई असतेच, जिने डोळे वटारले की बाकीच्या गप्प होतात. बहुतेकदा सगळ्यात मोठ्याने प्रश्न विचारणारीही तीच असते. तिच्यावर विश्वास टाकला तर ती राखण करते. अर्थात, ऐकलेलं पोटात ठेवणारी नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

कुणाला किती माहीत आहे, हा पुढचा गुंता. सँड्रा पेट्रोनियो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी माणसं खासगी गोष्टी कशा राखतात यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचा मुद्दा असा, की आपण कुणाला गुपित सांगतो तेव्हा ती व्यक्ती त्या माहितीची भागीदार होते, आणि तिने ते पुढे कुणाला, किती सांगायचं हे स्पष्ट ठरवलेलं नसेल तर ती आपल्या अंदाजाने ठरवते. सासूबाईंना अर्धवट माहीत असणं म्हणूनच सर्वांत धोक्याचं. आत्या सुनेला वर्षातून दोनदा भेटते, सासूबाईंना दर आठवड्याला फोनवर भेटते. ‘तुझ्या सुनेचं काय?’ हा प्रश्न सासूबाईंनी वर्षभरात कितीतरी वेळा झेललेला असतो, आणि त्यांच्याकडे द्यायला उत्तर नसतं. उत्तर नसलं की माणूस सुस्कारा सोडतो. त्या सुस्काऱ्याचा अर्थ गावभर लावला जातो.

आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना सगळं सांगा किंवा सांगू नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण बोलायला एक वाक्य मात्र द्या. ‘त्यांचं ते दोघं बघतायत, मी विचारत नाही,’ हे वाक्य बहुतेक घरांत चालतं. त्यात आईचाही मान राहतो, कारण न विचारणं हा तिचा मोठेपणा दिसतो. ‘त्यांनाच विचारा ना’ हे मात्र तिला म्हणू देऊ नका. त्याचा अर्थ विचारायला परवानगी आहे, असाच होतो.

लग्न न झालेल्यांच्या बाबतीत तर आईवडिलांचं हे ओझं आणखी मोठं आहे. ‘यंदा कर्तव्य आहे का?’ हा प्रश्न आपल्याकडे मुलीच्या वा मुलाच्या बापालाच विचारायची रीत होती, आणि लग्नकार्यात विचारणं गैर नव्हतं. स्थळं तिथेच जमायची. आजही काही जुळतात. म्हणून इथे गुळमुळीत उत्तर सगळ्यात वाईट. ‘बघतोय’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा येऊन पडतो, आणि तो नाकारला की ‘मग बघतोय कशाला म्हणालात?’ असा रुसवा येतो. स्थळं नकोच असतील, तर ‘सध्या बघत नाही, बघायला लागलो की तुम्हाला आधी सांगू,’ इतकं साफ बोलावं. हवी असतील, तर शिक्षण, गाव, वय या अपेक्षा नीट सांगून एका भरवशाच्या मामींवर काम सोपवावं. मामी मग बाकीच्यांना परस्पर आवरतात.

पगाराच्या प्रश्नाबद्दल माझी भूमिका थोडी मवाळ आहे. मागच्या पिढीत तो प्रश्न खासगी नव्हताच. तलाठी, प्राथमिक शिक्षक, एसटीचा कंडक्टर किंवा बँकेतला कारकून म्हटलं, की त्याची वेतनश्रेणी छापील होती आणि कुणालाही कळायची. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारी नोकरीत १ जानेवारी २०१६पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये केलं, तेव्हाही हा आकडा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला होता. त्या काळात वाढलेले काका ‘पगार किती?’ असं विचारतात तेव्हा त्यांना आपण काही झाकलेलं उघडायला सांगतोय असं वाटत नाही. खासगी नोकरीतला पगार मात्र करारानुसार झाकलेला असतो, आणि तो आकडाही फसवा असतो. ‘वर्षाला बारा लाखांचं पॅकेज’ म्हटलं की काका त्याचे महिन्याला एक लाख करतात. त्या बारा लाखांत कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, कधी वर्षअखेरीचा कामगिरीवरचा, मिळेल न मिळेल असा भागही असतो. हातात पडणाऱ्या रकमेतून स्वतःच्या वाट्याचा निधी आणखी कापला जातो. पण घराण्यात एकदा ‘लाखभर घेतो’ असं पसरलं, की पुढे वर्गणी असो, उसने असोत, भाच्याची फी असो, हिशेब त्याच आकड्यावर होतो.

इथे प्रश्नामागची गरज ओळखता आली तर उत्तर सोपं जातं. काकांचा मुलगा त्याच क्षेत्रात शिकत असेल, तर त्यांना तुमचा पगार नको असतो, मुलाचं पुढे काय होईल हे हवं असतं. ‘माझं सोडा काका, नव्या मुलाला आमच्याकडे साधारण कितीपासून सुरुवात होते ते सांगतो,’ असं म्हणून खरी, उपयोगी माहिती द्यावी. ते खूश होतात, आणि आपला आकडा विचारायचा राहून जातो. तुलनेसाठीच विचारत असतील तर ‘भागतंय, काका’ पुरे. उसने हवे असल्याचा वास आला तर आकड्यावर बोलूच नये, कारण आकडा सांगितल्यावर ‘नाही’ म्हणणं अवघड होतं. विचारणारा स्थळ घेऊन आलेला असेल, आणि तुम्हाला ते हवं असेल, तर मात्र लपवाछपवी करू नये. तिथे तो रास्त प्रश्न आहे.

ही सगळी युक्ती कधीकधी भेटणाऱ्या नातेवाइकांपुरतीच आहे. रोज एकाच छताखाली राहणाऱ्या माणसांबरोबर ‘कळवीन ना’ हे वाक्य आठवडाभरही टिकत नाही. तिथे दोघांनी बसून, किती सांगायचं हे ठरवून सांगावंच लागतं, आणि ते मुलाने आपल्या आईला सांगितलं तर बरं. एक मर्यादा त्याहून गंभीर आहे. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून बाईला घरात सतत टोचून बोलणं, हिणवणं, दुसरं लग्न करून देण्याची धमकी देणं, याला उत्तर देण्याचं कसब शिकण्यात काही अर्थ नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५चा कायदा मूल किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि उपहास याची भावनिक छळात स्पष्ट शब्दांत नोंद करतो. त्यासाठी मारहाण झालेली असावी लागत नाही. प्रत्येक भागासाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर दाद मागता येते. वर्षातून दोनदा भेटून पाळण्याची चौकशी करणारी आत्या या कायद्यात बसत नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं.

आत्याबद्दल आणखी एक. तिचा प्रश्न एकांतात, जवळ बसून, आवाज खाली आणून आला, तर तो स्वयंपाकघरातला प्रश्न नसतो. तिच्या स्वतःच्या दोन बाळंतपणांच्या मध्ये एक गेलेलं मूल असू शकतं, ज्याबद्दल तिला चाळीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. अशा वेळी तिला थोडं सांगावंसं वाटलं तर सांगावं. पण किती सांगायचं आणि पुढे कुणाला कळता कामा नये, हेही त्याच बैठकीत सांगावं. ‘हे तुमच्या-माझ्यात, आत्या’ एवढं म्हटलं तरी बहुतेक म्हाताऱ्या बायका ते पाळतात.

‘तुम्हाला कळवणारच’ हे वाक्य फुकटचं नाही. तो एक शब्द आहे, आणि वेळ आली की तो पाळावा लागतो. आपल्याकडे बातमी आधी कुणाला कळली यावर मानपान ठरतात. दिवस राहिले, लग्न ठरलं किंवा नोकरी बदलली, आणि आत्याला ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरच्या फोटोतून कळलं, तर पुढच्या खेपेला ‘कळवीन’ या शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून बातमी सांगायची ठरली, साधारण तिसरा महिना उलटल्यावर, की गटावर काही टाकायच्या आधी हातात एक यादी घेऊन बसावं. आधी दोन्हीकडचे आईवडील, मग ज्यांना शब्द दिला होता ते, त्यातही वयाने मोठे ते आधी. फोनच करायचा, संदेश नाही, आणि नवऱ्याच्या माणसांना नवऱ्याने. सगळे फोन एकाच संध्याकाळी उरकावेत, कारण पहिला फोन ठेवल्यापासून बातमी आपल्यापेक्षा वेगाने फिरायला लागते.